कुठली भाजी ठेवायची, कुठली काढायची: सांगलीतल्या एका मेनूकार्डाचा हिशोब

नवं हॉटेल सुरू झालं की मेनूकार्ड वाढत जातं. कुणीतरी मश्रूम मागितलं म्हणून मश्रूम येतं, शेजारच्या हॉटेलात काजू करी चालते म्हणून काजू करी येते, आणि एकदा कार्डावर चढलेला पदार्थ सहसा उतरत नाही. मग कधीतरी तेल महागतं, भाव वाढवायची वेळ येते आणि प्रश्न पडतो की कशाचा वाढवायचा? अशा वेळी बहुतेक ठिकाणी एकच वाक्य ऐकू येतं : "पनीरला खर्च फार, खरं सुटतं ते डाळीवर." हे वाक्य बरोबर आहे की नाही, हे हिशोब मांडल्याशिवाय कळत नाही. तो हिशोब कसा मांडायचा ते या लेखात एका उदाहरणावरून पाहू.

ही पद्धत मेनू इंजिनिअरिंग म्हणून ओळखली जाते. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठातले मायकेल कसावाना आणि डोनाल्ड स्मिथ यांनी ती १९८२ साली मांडली. तिचा गाभा साधा आहे. प्रत्येक पदार्थाला दोनच प्रश्न विचारायचे : तो किती खपतो, आणि एका प्लेटमागे गल्ल्यात किती रुपये सोडतो? दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवली की पदार्थाचं काय करायचं ते बरंचसं स्पष्ट होतं.

उदाहरणासाठी विश्रामबागेत, सांगली-मिरज रस्त्यालगत एक मध्यम फॅमिली हॉटेल आहे असं धरू. व्हेज-नॉनव्हेज दोन्ही मिळतं, दुपारी ऑफिसवाले येतात आणि रात्री कुटुंबं. आकडे समजायला सोपे जावेत असे मी घेतले आहेत. तुमच्या हॉटेलचे वेगळे येतील, पण रीत हीच राहील.

## एका वेळी कार्डाचं एकच पान

पहिली गोष्ट, अख्खं कार्ड एकदम हिशोबाला घेऊ नका. चपाती, पापड, पनीर आणि मटण एकाच यादीत टाकलं तर चपाती सगळ्यात जास्त खपणारी आणि सगळ्यात कमी पैसे देणारी ठरेल. त्यातून काहीच शिकायला मिळत नाही, कारण चपातीऐवजी मटण मागवायचं की नाही असा विचार कुणीच करत नाही. तुलना फक्त एकमेकांच्या जागी मागवल्या जाणाऱ्या पदार्थांची होते. म्हणून स्टार्टर वेगळे, व्हेज भाज्या वेगळ्या, मटण-चिकनच्या प्लेटा वेगळ्या, थाळ्या वेगळ्या. आपण इथे फक्त व्हेज भाज्यांचं पान घेणार आहोत. त्यावर आठ पदार्थ आहेत.

## कुठले दिवस मोजायचे

सलग चार पूर्ण आठवडे घ्या. महिना घेतला तर कधी पाच रविवार येतात, कधी चार, आणि आकडे तिथेच तिरके होतात. आपल्याकडे हे जास्तच जाणवतं, कारण बुधवार, शुक्रवार, रविवार नॉनव्हेजचे आणि सोमवार, गुरुवार, शनिवारी बरीच टेबलं व्हेजवर. श्रावणात तर व्हेज भाज्यांचा खप एकदम चढतो. मार्गशीर्षातले गुरुवारही वेगळे असतात. श्रावणातले आकडे घेऊन वर्षभराचा निर्णय घेतला, तर सगळ्याच भाज्या चालतात असं वाटेल. साधे, सणवार नसलेले चार आठवडे निवडा. श्रावणाचा हिशोब करायचाच असेल तर तो स्वतंत्र करा आणि पुढच्या श्रावणासाठी जपून ठेवा. पुरामुळे किंवा बंदमुळे चार दिवस हॉटेल ओस पडलं असेल, तर तो आठवडा सरळ सोडून द्या.

या चार आठवड्यांत कुठल्याच पदार्थाचा भाव किंवा प्लेटचं माप बदललेलं नसावं. मध्येच बदल झाला असेल तर दोन वेगळ्या गोष्टी एकाच ओळीत मिसळतात.

बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पदार्थवार विक्रीचा रिपोर्ट असतो. तो काढा, पण तो जशाचा तसा खरा मानू नका. एकच पदार्थ दोन नावांनी पडलेला असतो, "शेव भाजी" आणि "शेव भाजी स्पे." हाफ प्लेट कधी एक म्हणून मोजलेली असते. घाईच्या वेळी काउंटरवरचा माणूस मश्रूमचं बटण सापडत नाही म्हणून पनीरचं दाबतो. म्हणून दोन-तीन दिवसांच्या केओटीशी, म्हणजे स्वयंपाकघरात जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठ्यांशी, ताडून पाहा. सॉफ्टवेअर नसेल तर केओटीची पुस्तकंच मोजावी लागतील. कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच करायचं आहे. स्विगी-झोमॅटोवर गेलेल्या प्लेटा मात्र वेगळ्या काढा. तिथे कमिशन आणि डब्याचा खर्च जातो, त्यामुळे तीच भाजी तिथे वेगळे पैसे सोडते. त्यांचा वेगळा तक्ता करायचा.

## प्लेटचा खरा खर्च

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बाकीचा हिशोब कॅल्क्युलेटर करतो, पण हा आकडा स्वयंपाकघरात उभं राहूनच मिळतो.

अख्खा मसूर घेऊ. आचारी एका वेळी दीड किलो मसूर लावतो. त्या एका घाण्याला मसूर १३५ रुपयांचा, कांदा ४५, टोमॅटो ३०, तेल ६०, मसाला आणि कांदा-लसूण चटणी ७०, सुकं खोबरं ५०, आलं-लसूण-कोथिंबीर ४०, असे ४३० रुपये लागले. आचाऱ्याला विचारलं, किती प्लेटा निघतात? तो म्हणाला, बावीस. म्हणजे प्लेट साधारण साडेएकोणीस रुपयांना पडली.

पण प्रत्यक्ष मोजलं तर अठराच प्लेटा बाहेर जातात. कुणी "मालक, जरा रस्सा वाढा" म्हणतं आणि पोरगं अर्धी वाटी ओतून येतं. थोडं तळाला लागतं, थोडं पोरांच्या जेवणात जातं. आणि वाढणाऱ्याचा हात अडीचशे ग्रॅमवर थांबत नाही. ४३० ला १८ ने भागलं की प्लेट २४ रुपयांची होते. वरून लोण्याचा गोळा ५ रुपये, कांदा-लिंबू-लोणचं ३ रुपये. एकूण ३२. कागदावरच्या बावीस प्लेटांवर विश्वास ठेवला असता तर प्रत्येक प्लेटमागे सुमारे सव्वाचार रुपये कमी धरले गेले असते. हा पदार्थ सगळ्यात जास्त खपतो, त्यामुळे चार आठवड्यांत फरक जवळजवळ अठराशे रुपयांवर जातो.

म्हणून नियम असा ठेवा : घाणा चढला की वजन लिहायचं, आणि तो संपेपर्यंत बाहेर गेलेल्या प्लेटा मोजायच्या. तीन घाण्यांची सरासरी घेतली तर पुरेसं आहे. सगळे पदार्थ एकाच दिवशी करायचा हट्ट नको. दिवसाला एक पदार्थ घेतला तर आठ दिवसांत पानाची एक फेरी पूर्ण होते.

कच्च्या मालाचा भाव तुम्ही दुकानदाराला देता तोच धरा, त्यावरच्या जीएसटीसकट. साध्या हॉटेलला जेवणावर ५ टक्के जीएसटी लागतो आणि खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, त्यामुळे तो कर म्हणजे तुमचा खर्चच. विक्रीच्या बाजूला उलट करायचं. भाव धरताना कर वगळून धरायचा, कारण तो पैसा तुमचा नसतो. छोट्या व्यावसायिकांसाठीच्या कंपोझिशन स्कीममध्ये असाल तर गिऱ्हाइकाकडून कर घेताच येत नाही आणि ५ टक्के तुमच्या खिशातून जातात. मग कार्डावर १३० लिहिलेलं असेल तर हिशोबात १२३ रुपये ५० पैसेच धरा.

पगार, भाडं, लाइटबिल यातलं काहीही प्लेटवर वाटू नका. मसूर नाही खपला तरी भाडं तेवढंच राहतं. आपल्याला फक्त एवढंच पाहायचं आहे की एक प्लेट जास्त गेली तर गल्ल्यात किती रुपये वाढतात. करांशिवायचा भाव वजा कच्चा माल, याला पुढे मी मार्जिन म्हणतो.

## तक्ता

आठही भाज्यांचा असा हिशोब केल्यावर हे चित्र मिळालं. भाव, खर्च आणि मार्जिन एका प्लेटचे रुपये आहेत, खपलेल्या प्लेटा आणि एकूण मार्जिन चार आठवड्यांचं.

| पदार्थ | भाव | खर्च | मार्जिन | खपलेल्या प्लेटा | एकूण मार्जिन |
|---|---|---|---|---|---|
| अख्खा मसूर | १३० | ३२ | ९८ | ४२० | ४१,१६० |
| डाळ तडका | १२० | ३० | ९० | ३४० | ३०,६०० |
| पनीर बटर मसाला | २२० | ९२ | १२८ | ३१० | ३९,६८० |
| शेव भाजी | १४० | ३८ | १०२ | २६० | २६,५२० |
| व्हेज कोल्हापुरी | १७० | ५५ | ११५ | १५० | १७,२५० |
| काजू करी | २४० | १०५ | १३५ | ९० | १२,१५० |
| भरलं वांगं | १५० | ३४ | ११६ | ७० | ८,१२० |
| मश्रूम मसाला | २०० | ९८ | १०२ | ४० | ४,०८० |
| एकूण | | | | १,६८० | १,७९,५६० |

आता सुरुवातीच्या त्या वाक्याकडे या. डाळीचा खर्च भावाच्या २५ टक्के आहे, पनीरचा जवळजवळ ४२ टक्के. टक्केवारी पाहणाऱ्याला डाळ चांगली आणि पनीर वाईट दिसतं. पण डाळीची प्लेट गेली की ९० रुपये उरतात आणि पनीरची गेली की १२८. पोरांचा पगार आणि भाडं रुपयांत द्यायचं असतं, टक्क्यांत नाही. डाळ मागवणारं टेबल पनीरकडे वळलं तर तुम्हाला ३८ रुपये जास्त मिळतात, मग टक्केवारी कितीही वाईट दिसो.

## दोन रेषा

चालतो म्हणजे किती, आणि पैसे देतो म्हणजे किती, हे ठरवायला दोन रेषा लागतात.

खपाची रेषा अशी काढतात. आठ पदार्थ सारखे खपले असते तर प्रत्येकाच्या वाट्याला १,६८० भागिले ८, म्हणजे २१० प्लेटा आल्या असत्या. पण सगळेच सारखे खपत नाहीत, म्हणून याच्या ७० टक्के घेतात. २१० चे ७० टक्के १४७. त्याच्या वर तो चालणारा, खाली तो न चालणारा. हा ७० टक्क्यांचा आकडा कसावाना-स्मिथ यांचा आहे आणि तो निव्वळ सोयीचा संकेत आहे, त्यात निसर्गनियम काही नाही.

मार्जिनची रेषा म्हणजे एका प्लेटमागचं सरासरी मार्जिन. इथे नवखे लोक हमखास आठ मार्जिनांची बेरीज करून आठाने भागतात. तसं केलं तर ४० प्लेटा जाणाऱ्या मश्रूमला ४२० प्लेटा जाणाऱ्या मसुराइतकंच वजन मिळतं. एकूण मार्जिनला एकूण प्लेटांनी भागायचं : १,७९,५६० भागिले १,६८०, म्हणजे सुमारे १०७ रुपये.

एक्सेलमध्ये भाव B, खर्च C, मार्जिन D आणि प्लेटा E या रकान्यांत दुसऱ्या ओळीपासून नवव्या ओळीपर्यंत असतील, तर पहिलं सूत्र खपाची रेषा देतं आणि दुसरं मार्जिनची :

```
=SUM(E2:E9)/COUNT(E2:E9)*0.7
=SUMPRODUCT(D2:D9,E2:E9)/SUM(E2:E9)
```

या दोन रेषांनी पदार्थांचे चार गट पडतात. हॉटेल मॅनेजमेंटच्या वर्गात त्यांना स्टार, प्लाउहॉर्स, पझल आणि डॉग म्हणतात. आपल्या पानावर पनीर आणि व्हेज कोल्हापुरी खपतातही आणि पैसेही देतात. मसूर, डाळ, शेव भाजी भरपूर खपतात, पण प्लेटमागे सरासरीपेक्षा कमी देतात. काजू करी आणि वांगं चांगले पैसे देतात, पण खपत नाहीत. मश्रूम दोन्हीकडे मागे.

गट पाडून झाले की लगेच निर्णय घेऊ नका. आधी रेषेच्या अगदी जवळ कोण आहे ते पाहा. कोल्हापुरीच्या १५० प्लेटा गेल्या आणि रेषा १४७ वर आहे. आठवड्यातून एक टेबल कमी आलं असतं तर ती खाली गेली असती. शेव भाजीही मार्जिनमध्ये पाचच रुपयांनी खाली आहे. अशांचं काही करू नका, पुढच्या फेरीपर्यंत नुसतं लक्ष ठेवा. आणि पनीरला तर हातच लावायचा नाही : तेच माप, तीच चव, पनीर देणारा तोच.

## मसुराचा भाव वाढवायचा का

भरपूर खपणाऱ्या पण कमी देणाऱ्या तीन भाज्यांत पैसा सगळ्यात जास्त अडकलेला आहे, म्हणून इथे सावकाश जाऊ. भाव वाढवण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा : किती प्लेटा कमी झाल्या तरी मी तोट्यात जाणार नाही?

मसूर १३० वरून १४० केला तर मार्जिन ९८ चं १०८ होतं. आज त्यातून ४१,१६० रुपये येतात. ४१,१६० भागिले १०८ म्हणजे साधारण ३८१. याचा अर्थ चार आठवड्यांत ३९ प्लेटा कमी गेल्या तरी गल्ला तेवढाच राहतो. आठवड्याला जेमतेम दहा प्लेटा. एवढे लोक दहा रुपयांसाठी मसूर सोडतील का, हे तुमच्या गिऱ्हाइकावरून ठरवायचं. शिवाय मसूर सोडणारा बहुधा उठून जात नाही, डाळ किंवा शेव भाजी मागवतो, म्हणजे त्याचे ९०-१०० रुपये येतातच. खरा धोका वेगळा आहे. तो हॉटेलच बदलेल आणि त्याच्याबरोबरची भाकरी, सोलकढी, पापडही जातील.

हा धोका डाळीत सगळ्यात जास्त आहे. डाळ तडका आणि चपातीचा भाव गिऱ्हाइकाच्या डोक्यात पक्का असतो, शेजारच्या हॉटेलशी तुलना तो त्यावरूनच करतो. मसुराचं तसं नसतं. आपल्या भागात मसूर चवीवर ओळखला जातो, अमक्याकडचा मसूर असं लोक म्हणतात. म्हणून मी डाळ १२० वरच ठेवेन आणि मसूर १४० करेन. शेव भाजीला या वेळी हात लावणार नाही. तिन्ही एकदम वाढवल्या तर कार्ड उघडताच "यांनी भाव वाढवले" हे कळतं, आणि नंतर कशामुळे काय झालं तेही सांगता येत नाही.

भाव न वाढवता प्लेट लहान करायचा मोह होतो. रोज येणाऱ्या ऑफिसवाल्याला ते भाववाढीपेक्षा जास्त लागतं. वाटीचा तळ त्याला पाठ असतो. त्यापेक्षा वाढणाऱ्याच्या हातात ठरलेल्या मापाची पळी द्या. घाण्यातून अठराऐवजी वीस प्लेटा निघाल्या तर खर्च २४ वरून साडेएकवीसवर येतो, आणि गिऱ्हाइकाला मिळायचं तेवढं मिळतच राहतं.

## वांगं पुढे आणायचं, पण कुणापुढे

भरल्या वांग्याचं मार्जिन ११६ आहे आणि माल फक्त ३४ रुपयांचा. कृष्णाकाठची वांगी जिथे दारात मिळतात तिथे चार आठवड्यांत ७० प्लेटा म्हणजे दिवसाला अडीच. एवढा चांगला पदार्थ का चालत नाही, हे आधी शोधायचं. कार्डावर तो पानाच्या शेवटी आहे. वेटरला विचारलं तर तो म्हणतो, रात्री नऊनंतर वांगं संपलेलं असतं आणि नवीन करायला पाऊण तास लागतो, म्हणून मीच "दुसरं काही घ्या" सांगतो. म्हणजे अडचण गिऱ्हाइकाच्या आवडीत नाही, तयारीत आहे. अशा वेळी भाव कमी करणं ही सगळ्यात मोठी चूक ठरली असती. वांगी दुपारी भरून, अर्धी शिजवून ठेवली आणि रात्री फक्त रश्श्यात सोडली, तर दहा मिनिटांत प्लेट जाते. कार्डावर पहिल्या चारांत जागा द्या, आणि वांगी खरोखर नदीकाठच्या शेतातून येत असतील तरच "कृष्णाकाठची भरली वांगी" असं लिहा.

आता सगळ्यात विसरली जाणारी गोष्ट. वांग्याच्या जास्तीच्या प्लेटा नव्या गिऱ्हाइकांकडून येत नाहीत. त्या बहुतेक याच पानावरच्या दुसऱ्या भाजीच्या जागी येतात. डाळ खाणाऱ्याने वांगं घेतलं तर २६ रुपये वाढले, मसूर खाणाऱ्याने घेतलं तर जुन्या भावाप्रमाणे १८ वाढले. पण पनीर खाणाऱ्याने घेतलं तर १२ रुपये कमी झाले. म्हणून वेटरला नुसतं "वांगं खपवा" म्हणू नका. टेबलाने डाळ किंवा मसूर म्हटलं तरच "आज वांगंही ताजं आहे, भाकरीबरोबर देऊ का?" असं विचारायला सांगा. पनीर म्हणणाऱ्याला पनीरच द्या.

काजू करीला हेच गणित उलट्या बाजूने लागतं. २४० ची २२० केली तर मार्जिन ११५ वर येतं आणि आजचे १२,१५० रुपये मिळवायला ९० ऐवजी १०६ प्लेटा खपाव्या लागतात. जास्तीच्या प्लेटा पनीरवाल्यांतून आल्या तर प्रत्येकीमागे १३ रुपये जातात. काजू पनीरच्या ग्रेव्हीसाठी घरात असतोच, त्यामुळे ती ठेवायला वेगळा काही खर्च नाही. आहे तशी राहू द्या.

## मश्रूम काढण्याआधी

मश्रूमच्या ४० प्लेटांनी ४,०८० रुपये दिले. काढला तर तेवढे गेले, असं वाटतं. पण फेकलेला माल तक्त्यात दिसत नाही. मश्रूम दोन-तीन दिवसांत काळा पडतो. चार आठवड्यांत १,२०० रुपयांचा माल फेकला गेला असेल तर खरे उरले २,८८०. पदार्थ काढल्यावर त्या चाळीसांतल्या तिसांनी दुसरी भाजी घेतली, तर सरासरी १०७ प्रमाणे ३,२१० रुपये येतात. म्हणजे काढण्यातच फायदा.

तरीही एक तपासणी राहते. त्या चाळीस बिलांवर आणखी काय होतं ते पाहा. एखाद्या पदार्थाच्या दहाच प्लेटा जातात, पण प्रत्येक वेळी सहा-आठ माणसांचं टेबल असतं आणि त्यातल्या एकासाठी तो मागवलेला असतो. सांगलीत जैन कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत. कांदा-लसूण-बटाटा नसलेली एखादी भाजी कार्डावर असेल तर ती खपाच्या रेषेखालीच दिसणार, आणि ती काढली तर एक प्लेट नाही, अख्खं टेबल जाईल. असा पदार्थ कितीही खाली असला तरी ठेवायचा. मश्रूमच्या बिलांत मात्र तसं काही दिसलं नाही, दोन-तीन माणसांची साधी टेबलं होती. तो काढला.

## चार आठवड्यांनंतर

एका फेरीत भाव एकाच पदार्थाचा बदलायचा. मश्रूम काढणं आणि वांगं पुढे आणणं त्याच्याबरोबर चालतं, कारण त्यांचा परिणाम वेगळ्या ओळींत दिसतो. समजा पुढच्या चार आठवड्यांत असं झालं : मसूर ४००, डाळ ३१८, पनीर ३०५, शेव भाजी २६२, कोल्हापुरी १५८, काजू ९२, वांगं १२५.

एकूण प्लेटा १,६६०, म्हणजे वीस कमी. मालकाला धडकी भरेल. पण मार्जिनची बेरीज १,८२,६७४ येते, तीन हजारांवर जास्त, आणि फेकला जाणारा १,२०० चा मश्रूमही वाचला. मसूर ३८१ च्या बराच वर राहिला, म्हणजे १४० चा भाव टिकला. डाळीच्या २२ प्लेटा कमी आणि वांग्याच्या ५५ जास्त, म्हणजे वेटरने योग्य टेबलांना विचारलं. वीस प्लेटा कमी झाल्या त्याचं कारण शोधायला बिलांची संख्या पाहा. ती तेवढीच असेल तर मश्रूमबरोबर जाणारी एखादी जादा भाजी गेली, एवढंच. बिलंच कमी असतील तर गिऱ्हाईक जातंय, आणि मग मसुराच्या भावाचा पुन्हा विचार करावा लागेल.

आता या आकड्यांवर रेषा पुन्हा काढल्या तर एक विचित्र गोष्ट दिसते. सात पदार्थ उरले, त्यामुळे खपाची रेषा १६६ वर गेली. व्हेज कोल्हापुरी आधीपेक्षा आठ प्लेटा जास्त खपली, तरी ती "न चालणारी" ठरली. वांगंही अजून रेषेखाली आहे. मार्जिनची रेषा १०७ वरून ११० वर गेली. रेषा तुमच्याच सरासरीतून निघते, म्हणून कितीही चांगलं पान केलं तरी कुणीतरी खाली असणारच. दर फेरीला तळाचा पदार्थ काढत गेलात तर शेवटी कार्डावर तीन भाज्या उरतील आणि घरचे चौघे एकमताने जेवायला येणार नाहीत. म्हणून पदार्थ काढताना रेषेपेक्षा दोन गोष्टींना जास्त वजन द्या : त्याच्यासाठी वेगळा माल आणावा लागतो का, आणि तो माल वाया जातो का? कोल्हापुरीचा सगळा भाजीपाला दुसरीकडे वापरला जातो, म्हणून ती राहील.

शेव भाजीचा नंबर पुढच्या फेरीत, मसुराच्या भावाची सवय झाल्यावर. १४० ची १५० केली तर मार्जिन ११२ होईल, आणि २६२ प्लेटांतल्या २३ कमी झाल्या तरी चालतील. पण ती फेरी श्रावणात सुरू करायची नाही.